शब्दचर्चा : 'असंवर्धित' जिवाणू म्हणजे नेमके कोणते?

अर्धविराम

एका विज्ञानलेखाचे भाषांतर करताना एका शब्दावर अडले आहे. मातीच्या किंवा विष्ठेच्या नमुन्यातून थेट डीएनए काढायचा, त्यातले रायबोसोमचे १६एस जनुक पीसीआरने वाढवायचे, त्याचा अनुक्रम वाचायचा आणि प्रयोगशाळेत कधीच न वाढलेल्या जिवाणूंची ओळख त्यावरून पटवायची, असा लेखाचा विषय आहे. या जिवाणूंना मी 'असंवर्धित' म्हटले होते. संपादकांनी तो शब्द खोडला. त्यांच्या मते संवर्धन म्हणजे जतन, त्यामुळे हे जिवाणू नामशेष होत आहेत असे वाचकाला वाटेल. मत्स्यसंवर्धनात आपण मासे वाढवतोच, हा माझा युक्तिवाद त्यांना पटला नाही. 'असंवर्ध्य' हा दुसरा पर्याय सुचतो, परंतु त्याने अर्थ बदलतो का, याविषयी मी साशंक आहे.

निरुक्त

'कल्चर' या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये जमीन कसणे या अर्थाच्या धातूत आहे. आपल्याकडे त्यासाठी 'कृष्' हा धातू आहे, आणि न नांगरता आपोआप पिकणाऱ्या धान्याला संस्कृतात 'अकृष्टपच्य' असा सुंदर शब्द आहे. मग माणसाने न वाढवलेल्या, परंतु निसर्गात सुखाने वाढणाऱ्या जिवाणूंना 'अकृष्ट जिवाणू' का म्हणू नये? तसेच 'सिक्वेन्सिंग'ला 'अनुक्रमनिर्धारण' आणि पीसीआरमध्ये जिथून प्रत काढायला सुरुवात होते तिथे चिकटणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला, म्हणजे 'प्रायमर'ला, 'आरंभक' म्हणावे. शब्द घडवले नाहीत तर ते रुळणार तरी कसे?

पारिभाषिक

नांगरलेल्या शेतातून आणलेल्या मातीतले 'अकृष्ट जिवाणू' हे वाक्य एकदा मोठ्याने वाचून पाहावे, एवढीच विनंती.

मूळ प्रश्नाचे उत्तर मला तरी सरळ वाटते. मातीतले नव्याण्णव टक्के जिवाणू प्रयोगशाळेत वाढूच शकत नाहीत, ही सिद्ध झालेली गोष्ट आहे. म्हणून 'असंवर्ध्य' हाच शब्द योग्य आहे आणि या अभ्यासाला मेटाजीनोमिक्स म्हणतात. दोन्ही शब्द वापरून मोकळे व्हावे.

मृद्गंध

मी मातीच्या सूक्ष्मजीवशास्त्रात काम करते, म्हणून 'सिद्ध झालेली गोष्ट' या शब्दांपाशी थांबते. तो एक टक्का जातींचा नाही, पेशींचा आहे. मातीचा नमुना पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजल्या आणि तोच नमुना नेहमीच्या पोषक आगरवर पसरून उगवलेल्या वसाहती मोजल्या, तर वसाहतींची संख्या पेशींच्या शंभराव्या भागाइतकी किंवा त्याहूनही कमी भरते. स्टॅली आणि कोनोप्का यांनी १९८५ साली या तफावतीला नाव दिले. त्यातून एवढेच समजते, की त्या थाळीवर, त्या तापमानाला आणि तेवढ्या दिवसांत बाकीच्या पेशींनी वसाहती केल्या नाहीत. त्या कधीच करणार नाहीत, असे त्यातून निघत नाही.

मातीतील १६एस अनुक्रमांमध्ये अॅसिडोबॅक्टेरिया आणि व्हेरुकोमायक्रोबिया हे गट वर्षानुवर्षे भरपूर दिसत होते, पण थाळीवर क्वचितच येत. पोषक द्रव्ये अतिशय पातळ ठेवून थाळ्या आठवडे, काही वेळा महिने, उबवणपेटीत ठेवल्यावर त्यांच्यातले काही सदस्य वाढले. आपण एरवी दोन दिवसांनी थाळ्या फेकून देतो आणि 'वाढत नाही' असा निकाल देतो! विष्ठेचीही तीच कथा आहे. ऑक्सिजनविरहित पेटीत आणि योग्य माध्यमावर आतड्यातल्या जिवाणूंचा मोठा भाग वाढवता येतो, असे २०१६ साली दाखवले गेले. समुद्रातला एसएआर ११ हा गट १९९० मध्ये केवळ या जनुकावरून माहीत झाला आणि २००२ मध्ये तो वाढवलाही गेला. 'असंवर्ध्य' हा शब्द त्याला १९९० मध्ये लावला असता, तर तो बारा वर्षांत खोटा ठरला असता. 'असंवर्धित' मात्र तेव्हा खरा होता आणि २००२ नंतर त्याला तो लावण्याचे कारण उरले नाही.

मेटाजीनोमिक्समध्ये नमुन्यातला सगळाच डीएनए वाचतात. इथे सुमारे दीड हजार अक्षरांच्या एकाच जनुकाच्या प्रती काढल्या जातात, आणि बहुधा त्याचाही अडीचशे अक्षरांचा एखादा तुकडाच वाचला जातो. हे काम वेगळे आहे.

पारिभाषिक

पेशी आणि जाती यांतला फरक मान्य आहे. तरीही व्यवहारात दोन्ही प्रकारांना लोक मेटाजीनोमिक्सच म्हणतात, आणि शब्दाचा अर्थ शेवटी वापरावरूनच ठरतो.

अजाणता

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या बाळाच्या पोटाच्या तक्रारीमुळे विष्ठेची अशीच एक तपासणी एका खासगी प्रयोगशाळेत करून घेतली. अहवालात 'बायफिडोबॅक्टेरियम : ०.० टक्के' असे छापले आहे. बाळ केवळ आईच्या दुधावर आहे आणि अशा बाळांमध्ये हेच जिवाणू सर्वाधिक असतात, असे सगळीकडे वाचायला मिळते. आमचे बायफिडो 'असंवर्धित' आहेत, असा याचा अर्थ घ्यायचा का?

मृद्गंध

नाही. बायफिडोबॅक्टेरियम विष्ठेतून वाढवण्याची पद्धत शतकाहून जुनी आहे, त्यामुळे तो असंवर्धित नाही. तुमच्या अहवालातले शून्य वेगळ्या कारणाने आलेले असू शकते. त्यात कोणता प्रायमर वापरला हे लिहिले आहे का? '२७एफ' असे काही दिसते का?

अजाणता

हो. पद्धतीच्या परिच्छेदात '२७एफ' आणि '३३८आर' असे लिहिले आहे.

मृद्गंध

मग हे शून्य मी तरी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. पहिली ओळ २७एफ या प्रायमरची जुनी, प्रचलित रूपरेषा आहे आणि दुसरी बायफिडोबॅक्टेरियमच्या जनुकातला त्याच जागेचा अनुक्रम.

```
AGAGTTTGATCMTGGCTCAG
AGGGTTCGATTCTGGCTCAG
```

एम म्हणजे ए किंवा सी, म्हणून ती जागा जुळते. तिसरे, सातवे आणि अकरावे अक्षर मात्र जुळत नाही. वीस अक्षरांत तीन ठिकाणी विजोड असलेला प्रायमर मूळ डीएनएला नीट चिकटत नाही, आणि चिकटण्याच्या पायरीचे तापमान चढे ठेवले असेल तर आणखीच कमी चिकटतो. एकदा प्रत तयार झाली की तिच्या टोकाला प्रायमरचाच अनुक्रम येतो आणि पुढच्या फेऱ्यांमध्ये अडचण उरत नाही. पण तोपर्यंत बाकीच्या जिवाणूंच्या प्रती फेरीगणिक जवळजवळ दुप्पट झालेल्या असतात. यंत्र शेवटी ठरावीक संख्येने अनुक्रम वाचते आणि त्यांत मागे पडलेल्याचा वाटा नगण्य होतो. ही खोट माहीत असल्यामुळे पुढे या प्रायमरचे अनेक प्रकार एकत्र मिसळून वापरण्याची पद्धत आली आणि त्या मिश्रणात वर दिलेली दुसरी ओळही असते. तुमच्या प्रयोगशाळेने कोणते वापरले, हे अक्षरे पाहूनच कळेल, नुसत्या नावावरून कळणार नाही.

दुसरा संशय डीएनए काढण्याच्या पायरीवर घ्यावा लागतो. बायफिडोची पेशीभित्तिका जाड असते. नमुना काचेच्या किंवा सिरॅमिकच्या बारीक मण्यांसह जोराने हलवून पेशी फोडल्या नसतील, तर त्याचा डीएनए बाहेरच येत नाही. चूक कुठे झाली हे कळण्याचा एक मार्ग आहे. ज्यात बायफिडोच्या पेशी ठरावीक प्रमाणात मिसळल्या आहेत असे कृत्रिम मिश्रण त्याच पद्धतीने चालवून पाहावे. त्यातही तो दिसला नाही, तर दोष पद्धतीचा आहे. प्रयोगशाळेकडे त्या मिश्रणाचा निकाल मागा. बाळाच्या तक्रारीविषयी मात्र बालरोगतज्ज्ञांशीच बोलावे, कारण या आकड्यावरून उपचार ठरवता येणार नाही.

निरुक्त

म्हणजे अहवालातली भाषाच सदोष आहे. 'शून्य टक्के' म्हणण्याऐवजी 'आढळले नाही' असे लिहायला हवे होते. हा मराठीचा नव्हे, प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे.

अर्धविराम

माझ्या लेखातही अशीच जागा आहे. मूळ वाक्याचा मी 'या मातीतील १२ टक्के जिवाणू अॅसिडोबॅक्टेरिया गटाचे आहेत' असा अनुवाद केला आहे. तोही बदलावा लागेल का?

मृद्गंध

बदलावा असे माझे मत आहे. ते १२ टक्के वाचलेल्या अनुक्रमांपैकी आहेत, पेशींपैकी नाहीत. ई. कोलायच्या एका पेशीत या जनुकाच्या ७ प्रती असतात, तर काही जिवाणूंमध्ये एकच असते. दोघांच्या पेशी अगदी समसमान मिसळल्या आणि बाकी काहीही चुकले नाही, तरी अनुक्रमांमध्ये वाटणी ७ विरुद्ध १ अशी होईल, म्हणजे सुमारे ८७ टक्के आणि १३ टक्के. असंवर्धित जिवाणूच्या बाबतीत तर प्रतींची संख्या बहुधा माहीतच नसते, म्हणून ही दुरुस्ती अंदाजानेच करावी लागते. मातीत आणखी एक गोष्ट असते. मेलेल्या पेशींचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून टिकतो, आणि त्या १२ टक्क्यांत काही वाटा अशा मृतांचाही असतो. 'वाचलेल्या अनुक्रमांपैकी १२ टक्के अनुक्रम या गटाचे होते' असे लिहिले तर वाक्य लांबेल, पण खरे राहील.

पारिभाषिक

सामान्य वाचक एवढे लांबलचक वाक्य वाचणार नाही. शास्त्रज्ञही आपसात 'इतके टक्के जिवाणू' असेच बोलतात. शुद्धतेच्या हट्टापायी लेख कोणी वाचलाच नाही, तर काय उपयोग? शिवाय त्याच परिच्छेदात जनुक 'वाढवायचे' आणि जिवाणू 'वाढत नाहीत' असे दोनदा आले आहे, आणि वाचकाचा खरा गोंधळ तिथे होणार आहे. जनुकासाठी 'प्रती काढणे' वापरा आणि 'वाढणे' जिवाणूंसाठी ठेवा.

मृद्गंध

ही सूचना मात्र मला शंभर टक्के मान्य आहे.

निरुक्त

'प्रतिगुणन' हा शब्द सुचवून ठेवतो.

अर्धविराम

सर्वांचे आभार. 'प्रती काढणे' आणि 'आजवर प्रयोगशाळेत न वाढवलेले' असे लिहून संपादकांकडे पाठवले होते. त्यांनी दोन्ही मान्य केले, पण आता 'जाती' या शब्दावर आक्षेप घेतला आहे. मूळ लेखात ९७ टक्के साम्य असलेल्या अनुक्रमांचा एक गट धरला आहे आणि त्या गटाला मी 'जात' म्हटले आहे.

मृद्गंध

संपादकांचे बरोबर आहे. ई. कोलाय आणि शिगेला यांचे १६एस जनुक इतके सारखे असते, की अडीचशे अक्षरांच्या तुकड्यावरून त्यांना वेगळे काढता येत नाही. म्हणजे एका गटात दोन जाती येऊ शकतात, आणि उलट एकाच पेशीतल्या प्रती थोड्या वेगळ्या असल्या तर एक जीव दोन ठिकाणी मोजला जाऊ शकतो. हल्ली तर ९७ टक्क्यांची रेषा सोडून एका अक्षराचा फरकही वेगळा मोजतात, त्यामुळे हा दुसरा धोका वाढला आहे. 'अनुक्रमगट' म्हणावे.

पारिभाषिक

'अनुक्रमगट' कोणाला कळणार? जीवशास्त्रात 'जात' या शब्दाची व्याख्या तरी कुठे ठरलेली आहे? वाढवता येत नाही अशा जिवाणूला नावही धड देता येत नाही, कारण नियमानुसार नवी जात मान्य होण्यासाठी जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो. मग अशांना 'जात' म्हटले काय आणि 'गट' म्हटले काय.

अजाणता

प्रयोगशाळेने प्रायमरची अक्षरे कळवली. अकराव्या जागी सी आणि बाराव्या जागी एम आहे, म्हणजे वरची पहिलीच ओळ. कृत्रिम मिश्रण त्यांनी चालवले होते, पण त्यात बायफिडो नव्हता.