अनुभव धागा: आजी-आजोबांना फोनवरून पैसे द्यायला शिकवताना

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर मंगळवारी चार वाजता ज्येष्ठांसाठी वर्ग चालतो. सहा विद्यार्थी आणि शिकवणाऱ्या आम्ही दोघी. दीड तासात एकच काम करायचं: शेजारी बसलेल्याला एक रुपया पाठवायचा आणि तो पोचला हे त्याच्या फोनवर बघायचं. पाच-सहा वर्ग झाल्यावर काय अडतं ते लक्षात यायला लागलंय. माझं सांगते, मग तुमचेही अनुभव लिहा.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांचे फोन घेऊन सेटिंग्जमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून टाकली. ती चूक झाली. अक्षरं फुगली तशी पैसे पाठवायचं बटण स्क्रीनच्या खाली ढकललं गेलं. एक काकू रक्कम टाकून दहा मिनिटं बसून होत्या. स्क्रीन वर सरकवून बटण शोधायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं, आणि त्या संकोचाने विचारत नव्हत्या. आता अक्षरं दोनच पायऱ्या मोठी करतो, 'डिस्प्ले साइज'ला हात लावत नाही आणि स्क्रीन विझायची वेळ तीस सेकंदांवरून पाच मिनिटं करतो. या शेवटच्या बदलाने सगळ्यात जास्त फरक पडला. वाचता वाचता स्क्रीन काळी झाली की त्यांना वाटायचं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं.

दुसरी अडचण पिनच्या पानाची. आम्ही फोन भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवत होतो. पिनचं पान आलं की भिंतीवर नुसतं काळं दिसायचं, कारण सुरक्षेसाठी ते पान बाहेर दाखवू देत नाहीत. आणि नेमकी तिथेच मंडळी अडतात. फॉन्ट मोठा केला तरी त्या पानावरची अक्षरं फारशी बदलत नाहीत. मग आम्ही तो कीपॅड मोठ्या चार्टपेपरवर काढला. वर 'SHOW' आणि डोळ्याची खूण, मध्ये आकडे, खाली डावीकडे पुसायची खूण, उजवीकडे बरोबरची (✓) खूण. पिन टाकून ही उजवीकडची खूण दाबायची असते. ती दाबायची राहिली की व्यवहार अडकतो आणि माणूस म्हणतो, "पिन घेतच नाही." सगळे आधी कागदावर बोट ठेवून सराव करतात, आकडा मात्र मनातच म्हणायचा.

निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

चार्टपेपरची युक्ती आवडली, उद्याच करतो. माझ्या वर्गात मी एक वाक्य चुकीचं शिकवलं होतं, ते इथे कबूल करतो. मी सांगायचो, "पिन टाकला की पैसे गेले." घाबरून तरी जपून राहतील असं वाटलं. पुढच्या आठवड्यात एक आजोबा म्हणाले, शिल्लक बघायला गेलो तर पिन मागितला, म्हणून फोन बंदच करून टाकला. त्यांचं बरोबर होतं. शिल्लक बघतानाही पिन लागतोच. आता असं सांगतो: पैसे येताना पिन कधीच लागत नाही. तुम्हाला पैसे द्यायचे म्हणून कोणी क्यूआर स्कॅन करायला किंवा पिन टाकायला सांगत असेल, तर तो पैसे देत नाहीये, काढून घेतोय. हे वाक्य सगळ्यांकडून वहीत लिहून घेतो. खाली 1930 हा मदतीचा क्रमांकही लिहायचा. फसवणूक झालीच तर आधी तिथे फोन, मग मुलाला.

पनवेलची सून

पण आता पैसे मागायची विनंती येणंच बंद झालंय ना? म्हणजे या फसवणुकीचा प्रश्नच मिटला. मी सासूबाईंना सांगून टाकलं, आता निर्धास्त वापरा.

निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

ताई, 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली ती एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पैसे मागायची सोय. काही कंपन्यांकडून विनंती अजूनही येऊ शकते. आणि फसवणारा क्यूआरचं चित्रही पाठवतो. सासूबाईंना सांगितलेला 'निर्धास्त' हा शब्द परत घ्या, कृपया.

पनवेलची सून

घेते. आजच सांगते.

नाशिकहून एक आजी (नातीने टंकलेलं)

माझी बोटं कोरडी आहेत. बँकेत दरवर्षी हयातीच्या दाखल्याला अंगठा उमटत नाही, त्याबद्दल कोणी काही सांगेल का?

धागाकर्ती

आजी, तो विषय वेगळा असला तरी बोटांची अडचण आमच्याकडेही येते. काही जण बटण दाबून धरतात, मग फोनला ते वेगळंच काहीतरी वाटतं. "दारावर टकटक करतो तसं हलकं आणि लगेच उचला" असं सांगितल्यावर जमतं. दाखल्यासाठी चेहरा दाखवून करायची सोयही आहे, नातीला 'जीवन प्रमाण'मध्ये बघायला सांगा.

भाजीवाल्याशेजारचा वाचक, ठाणे

आमच्या वर्गात बाहेर जाऊन खरी खरेदी करवतात. एका आजोबांनी चाळीस रुपयांची मेथी-कोथिंबीर घेतली. क्यूआर स्कॅन केला, वरचं नाव वाचलं, रक्कम टाकली, पिन टाकला. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. भाजीवाल्याच्या पेटीतून आवाज आला नाही. मागे गिऱ्हाईकं होती, म्हणून त्यांनी घाईने पुन्हा चाळीस दिले. मिनिटाभराने पेटी दोनदा बोलली. ओळखीचा भाजीवाला म्हणून त्याने रोख चाळीस परत केले. तेव्हापासून आमचा नियम असा: गोल फिरत असेल तर दुसऱ्यांदा द्यायचं नाही. आधी अ‍ॅपमध्ये मागचे व्यवहार उघडायचे. 'प्रलंबित' दिसलं तर थांबायचं, घाई असेल तर रोख द्यायचे आणि भाजीवाल्याला तसं सांगून ठेवायचं. खिशात शंभरची नोट असल्याशिवाय आम्ही कोणाला सरावाला नेत नाही.

पुण्यातला मुलगा

माझं थोडं वेगळं आहे. आईचा पिन मलाच माहीत आहे, कारण ती विसरते. तीनदा चुकला तेव्हा बँकेने दुसऱ्या दिवसापर्यंत अडवून ठेवलं आणि नेमकं औषध आणायचं होतं. मला माहीत असणं चूक आहे का?

निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

नियमाने पिन कोणालाच सांगायचा नसतो, मुलालाही नाही. तुमच्यासाठी 'यूपीआय सर्कल' बघा. खातं तुमचं असतं, आई तिच्या फोनवरून खर्च करते. पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला 15,000 आणि एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत, त्यात दर वेळी तुमचा पिन लागत नाही. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक खर्चाला तुम्ही होकार द्यायचा.

पुण्यातला मुलगा

विचारलं आईला. म्हणाली, "माझ्या पेन्शनचे पैसे असताना तुझ्या खात्यातून मेथी का घेऊ?"

धागाकर्ती

आमच्या वर्गातही दोघींनी हेच सांगितलं. त्यांच्यासाठी सध्या आम्ही खर्चाचं वेगळं छोटं खातं उघडून तेच फोनला जोडतो आणि पेन्शनचं खातं बाहेर ठेवतो. पिन विसरण्यावर मात्र अजून उपाय सापडला नाही. एक काकू लग्नाचं वर्ष ठेवते म्हणाल्या, पण ते तर त्यांच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. कोणी काही वेगळं करून पाहिलं असेल तर लिहा, मंगळवारच्या आत.