बी.कॉम.नंतर एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स: अडवायचं की आत सोडायचं?

आकडेमोड: बी.कॉम. ६८ टक्के, बारावीला गणित होतं. एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स करायचंय. कुठल्याही शाखेतून कुठेही जाता येतं असं यूजीसी म्हणते ना? मग दोन ठिकाणी अर्ज छाननीतच का उडाला? प्रवेश परीक्षा पास झालो तर हक्क नको का मिळायला?

चहाटपरी: बारावीला गणित असलं की पुरे, भाऊ. माझा मित्र बी.कॉम.वरून एमसीएला गेला, आज नोकरीत आहे. भांडून घे.

निशा_सातारा: ते एमसीएपुरतं खरं आहे. तिथे बी.कॉम., बी.ए.वाल्यांना बारावीला किंवा पदवीला गणित असलं की चालतं, वर ब्रिज कोर्स करावा लागतो. एम.एस्सी.ला तो नियम लावू नका. माझं तर तिथेही अडलं. अकरावीत गणित की एसपी, म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, असा पर्याय होता, सोपं म्हणून एसपी घेतलं. सीईटी दिली, मार्क बरे पडले आणि कागदपत्रं तपासताना खिडकीवरच्या बाईंनी बारावीची गुणपत्रिका परत सरकवली. सोळाव्या वर्षी भरलेला तो रकाना!

गणेशखिंड: मी हा विषय शिकवतो, म्हणून थोडं सविस्तर. यूजीसीचा २०२४ चा पदव्युत्तर आराखडा खरंच सांगतो की पदवीचा विषय काहीही असो, त्या विषयाची राष्ट्रीय किंवा विद्यापीठाची प्रवेश परीक्षा पास झालात तर प्रवेशाला पात्र. पण आराखडा म्हणजे विद्यापीठाची माहितीपुस्तिका नव्हे. अर्ज तपासणारा कारकून पुस्तिकेतली ओळ बघतो, आणि तिथे ‘पदवीला संख्याशास्त्र किंवा गणित’ लिहिलेलं असेल तर तुमचा अर्ज बाजूला पडतो.

आयआयटीच्या जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेचंही तसंच. परीक्षेला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, पण प्रवेशासाठी प्रत्येक कोर्सची किमान शैक्षणिक अर्हता वेगळी दिलेली असते. दरवर्षी कोणीतरी चांगला रँक काढतो आणि मग ते अर्हतेचं पान उघडतो. फी भरण्याआधी ते पान वाचा.

विज्ञानवादी: आणि ती ओळ असायलाच हवी. ‘बिझनेस स्टॅटिस्टिक्स’ म्हणजे सरासरी, सहसंबंध, निर्देशांक. सूत्रात आकडे टाकायचे. आमची पोरं तीन वर्षं कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा घासतात. जागा मोजक्या, त्या कॉमर्सने का खायच्या?

आकडेमोड: खायच्या म्हणजे? परीक्षेत तुमच्या पोरांपेक्षा जास्त मार्क पडले तरी?

गणेशखिंड: विज्ञानवादींचं निदान बरोबर, औषध चूक. नेमकं कुठे अडतं ते दाखवतो. पहिल्या सत्रात मी देतो: f(x,y) = 2, जिथे 0 < x < y < 1. X चं सीमांत वितरण काढा. कच्चं कॅल्क्युलस असलेला मुलगा y ला ० ते १ मध्ये फिरवतो आणि उत्तर लिहितो 2. हात झरझर चालतो, चूक त्याच्या लक्षात येत नाही. आता तेच 2 पुन्हा ० ते १ मध्ये बेरजेला घेतलं तर एकूण संभाव्यता २ येते, म्हणजे काहीतरी बिघडलंय. त्रिकोणाचं चित्र काढलं असतं तर दिसलं असतं की y ची सुरुवात x पासून होते, आणि उत्तर 2(1 − x). याची बेरीज १ भरते.

हे बारावीच्या गणितावर निभत नाही, तिथे एकाच चलाचं इंटिग्रेशन असतं. पण खरं सांगू का, बी.एस्सी.ची निम्मी मुलंही माझ्याकडे 2 च लिहितात. म्हणून पदवीचा शिक्का न बघता असे चार प्रश्न घालून बघावं, असं माझं मत.

विज्ञानवादी: चार प्रश्न क्लासवाले पाठ करून घेतात, सर. तीन वर्षांची सवय पाठ होत नाही.

गणेशखिंड: तो धोका आहे. नाकारत नाही.

मोगरा: माझ्या मुलीने बी.एस्सी. केमिस्ट्रीनंतर एम.कॉम. करायचं म्हटलं तर चालेल का?

निशा_सातारा: ताई, ही उलटी दिशा आहे. वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

आकडेमोड: सर, त्रिकोण काढून बघितला. मीही आधी 2 च लिहिलं होतं. एनपीटीईएलच्या ऑनलाइन गणित कोर्सचं प्रमाणपत्र जोडलं तर ‘पदवीला गणित’ धरतील का?

गणेशखिंड: अभ्यासाला उपयोग होईल. पात्रतेत धरायचं की नाही हे प्रवेश समितीच्या हातात. फोनवर विचारू नका, ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. छाननीच्या दिवशी फोनवरचं ‘हो’ कोणालाच आठवत नाही.

चहाटपरी: एवढ्या उचापती करण्यापेक्षा एमसीए बरं.

आकडेमोड: मला कोडिंग नाही करायचं, दादा.