एकाच जन्मवेळेवर एक म्हणतो नीलम घाला, दुसरा म्हणतो हातही लावू नका

रेवा_९: माझी मीन रास, साडेसाती चालू. एका ज्योतिषांनी नीलम घालायला सांगितला. दुसरे म्हणाले, नीलम अजिबात नको, शनीचा 23,000 जप आणि काळ्या तिळांचं दान करा. जन्मवेळ दोघांना एकच दिली होती. पहिल्या पत्रिकेत लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, वृषभ 29 अंश 10 कला आहे, दुसरीत मिथुन 0 अंश 37 कला. कोणाचं ऐकू?

खडूस: कोणाचंच नाही. नारळीकरांनी रत्नं आणि उपाय खोटे असल्याचं प्रयोगानं कधीच सिद्ध केलंय.

जुनापंचांगी: खडूस, तो प्रयोग उपायांवर नव्हता. हुशार आणि मतिमंद मुलांच्या 200 पत्रिका होत्या, त्यातल्या 40-40 ज्योतिषांना देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं होतं. 27 जणांनी उत्तरं पाठवली आणि अचूकता सुमारे 46 टक्के आली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. उपायाचा पाया पत्रिका असेल तर हे लागू पडतं, पण खड्यांची चाचणी म्हणून ते दाखवू नका.

रेवाताई, तुमच्या दोन लग्नांतला फरक 1 अंश 27 कलांचा आहे. लाहिरी आणि रामन अयनांशांत, म्हणजे राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची याच्या दोन मोजणींत, फरक साधारण तेवढाच असतो. दोघांपैकी कोणाची आकडेमोड चुकली असेल असं वाटत नाही, पंचांगाची पद्धत वेगळी दिसते. आता पुढची गंमत बघा. वृषभ लग्नाला शनी नवमेश आणि दशमेश, म्हणजे नवव्या-दहाव्या घरांचा स्वामी, म्हणून शुभ फळ देणारा योगकारक, म्हणून त्याचं बळ वाढवायला नीलम. मिथुन लग्नाला तोच शनी अष्टमेश आणि नवमेश होतो. अष्टमेशाचं बळ वाढवायचं नाही, म्हणून दान आणि जप. खडा ग्रहाचं बळ वाढवतो, दान ग्रहाला शांत करतं, असा शास्त्राचा समज. आकाशातला शनी तोच, तुमचा जन्म तोच, पण उपाय उलटा. त्यात लग्न अंशभर सरकायला जेमतेम चार मिनिटं लागतात, तेव्हा घड्याळ पाच मिनिटं पुढं-मागं असलं तरी हेच होतं.

शनिकृपा: अहो, एवढा कीस काढायचा कशाला? मी नीलम घातला आणि चार महिन्यांत नोकरी लागली. आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघितला होता. वाईट स्वप्न पडलं नाही, म्हणून घातला.

जुनापंचांगी: नोकरी लागली याचा आनंद आहे. पण त्या चार महिन्यांत अर्ज किती केले होते? आणि खडा न घालता कितीजणांना नोकरी लागली? उशाखालच्या चाचणीचं म्हणाल तर, जो नीलमच्या धास्तीनं झोपतो त्याला वाईट स्वप्न पडणारच. शिवाय माणूस उपायाकडे वळतो तो सगळं बिनसलेलं असताना. त्यानंतर थोडं तरी सावरतंच, मग श्रेय खड्याला.

शनिकृपा: म्हणजे अनुभव खोटा?

जुनापंचांगी: अनुभव खरा. कारण कोणतं, तेवढाच प्रश्न.

पैलूकाम: रत्न तपासणं हे माझं काम आहे. माणिक आणि नीलम एकाच खनिजाचे, कुरुंदाचे. मूळ ॲल्युमिनियम ऑक्साइड, क्रोमियमनं लाल, लोह आणि टायटॅनियमनं निळा. म्हणजे एकमेकांचे वैरी मानलेले रवी आणि शनी खनिजात सख्खे भाऊ! प्रयोगशाळेत वाढवलेला नीलमही रसायनानं हाच. तो ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी मग किरणांचं कारण पुढं करू नये, रंग आणि किरण दोन्हींत सारखेच.

मोदकप्रिय: प्रयोगशाळेतला ओळखायचा कसा? माझ्याकडे आजोबांची अंगठी आहे.

पैलूकाम: भिंगाखाली आत वळलेल्या रंगरेषा किंवा वायूचे बुडबुडे दिसले तर संशय घ्या. नुसत्या डोळ्यांनी शक्य नाही, तपासून घ्या. पण रेवाताईंचा प्रश्न वेगळा आहे.

रेवा_९: मग जप तरी करू का? 23,000 म्हणजे 108 मण्यांच्या 213 माळा होतात. त्यात नुकसान काय?

खडूस: वेळेचं.

जुनापंचांगी: जपानं मन थाऱ्यावर येत असेल तर करा, त्यासाठी शनी लागत नाही. दान घेणाऱ्याला उपयोगी पडतं, ते तुमच्या लग्नावर अवलंबून नाही. दान सांगणाऱ्याच्याच हातात पडत असेल तर मात्र थांबा. खड्याचं तसं नाही, सांगणाराच विकणारा असेल तर त्याचा सल्ला आधीच एका बाजूला झुकलेला.

आणि दोघांनाही एकच विचारा: काय बदलेल, कधीपर्यंत, आणि नाही बदललं तर उपाय फसला असं मान्य कराल का? हे आधी लिहून घ्या. ‘पूर्वकर्म जड होतं’ हे उत्तर नंतर मिळालं तर उपायाला हरण्याची सोयच नव्हती. तारखा ठरवतानाही सांभाळा. महादशा, म्हणजे आयुष्यातले एकेका ग्रहाचे कालखंड, जन्मावेळच्या चंद्राच्या नक्षत्रावरून मोजतात. चंद्र उत्तराभाद्रपदा नक्षत्रात असेल तर याच अयनांश-फरकानं त्या सगळ्या सुमारे दोन वर्षं सरकतात.

शनिकृपा: श्रद्धेला असा करारनामा लिहून घेतात का कुठं?

रेवा_९: चंद्र उत्तराभाद्रपदातच आहे. पहिल्यांना आज फोन केला, ते म्हणाले दुसऱ्याचं पंचांग अशुद्ध. दुसऱ्यांचा फोन लागत नाहीये.

जुनापंचांगी: लागला की अयनांश विचारा, आणि मग शनी दोन्ही लग्नांत धरून तेच प्रश्न टाका.