मदत हवी आहे: व्ही आकाराच्या थव्यात पुढचा पक्षी बदलतो, पण पाळी ठरते कशी?

सांजपक्षी
माझी मुलगी सातवीत आहे. शाळेत तिला स्थलांतरित पक्ष्यांवर बोलायचं आहे. आम्ही वाचलं होतं की पुढचा पक्षी दमला की रांगेच्या शेवटी जातो आणि दुसरा पुढे येतो. पण हंसांच्या थव्याचा एक व्हिडिओ सावकाश चालवून पाहिला, तर पुढचा पक्षी फक्त बाजूला सरकला आणि शेजारच्याच्या मागे लागला. शेवटी गेलाच नाही. मुलगी विचारते, "मागे उडणं सोपं असेल तर पुढे जायला कोण तयार होतं?" मला सांगता आलं नाही. कोणाला माहीत आहे का?

चाकवेडा
सोपं आहे. आम्ही सायकलवाले लांबच्या फेरीत हेच करतो. पुढचा वारा कापतो, त्याच्या बरोब्बर पाठीमागे राहिलं की कमी दम लागतो. पक्षीही तसेच.

दुर्बीण
चाकवेडा, पाळीपाळीने पुढे येण्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण 'बरोब्बर पाठीमागे' पक्ष्यांना लागू होत नाही. पंख हवा खाली ढकलतात, म्हणून पक्ष्याच्या थेट मागची हवा खाली जात असते. तिथे उडणारा उलट जास्त दमेल. पंखांच्या टोकांपाशी मात्र हवा भोवऱ्यासारखी वळते आणि टोकाच्या बाहेरच्या बाजूला वर चढते. मागच्याने आपला पंख त्या चढत्या हवेत ठेवला की त्याला आयता आधार मिळतो. म्हणूनच तो तिरका मागे उडतो आणि तशा तिरक्या जागा जोडल्या गेल्या की व्ही दिसतो.

सांजपक्षी, तुमच्या मुलीच्या प्रश्नावर खरंच काम झालेलं आहे. युरोपाच्या रानातून एकेकाळी नाहीशी झालेली एक टकली शराटी आहे, तिला तिकडे वाल्डराप म्हणतात. माणसांनी वाढवलेल्या पिल्लांना स्थलांतराची वाट दाखवायला आईबाप नव्हते. म्हणून त्यांना सांभाळणारी माणसं छोट्या विमानात बसून पुढे उडाली आणि पिल्लं ऑस्ट्रियातून इटलीपर्यंत त्यांच्यामागे गेली. 14 पिल्लांच्या पाठीवर जागा आणि पंखांची हालचाल नोंदवणारी यंत्रं होती. 2014 साली त्यातून कळलं की मागचा पक्षी नुसता योग्य जागी राहत नाही, तर पुढच्याच्या पंखाचं टोक हवेत ज्या रेषेने गेलं, साधारण त्याच रेषेने आपलं टोक नेतो. काही कारणाने थेट मागे सापडला तर उलट्या तालात पंख मारतो, म्हणजे खाली जाणाऱ्या हवेचा त्रास कमी होतो.

2015 मध्ये त्याच नोंदींतून पाळीचा हिशेब काढला. एक पक्षी सरासरी 32 टक्के वेळ दुसऱ्याच्या मागच्या फायद्याच्या जागी होता. आणि ज्याने जितका वेळ पुढे काढला, जवळपास तितकाच वेळ त्याला मागे मिळाला. हा हिशेब जोडीजोडीत जुळत होता: अ ब च्या पुढे जितका, तितकाच ब अ च्या पुढे. म्हणून तुमचा पक्षी शेजाऱ्याच्या मागे लागला, यात आश्चर्य नाही. दोघांतली अदलाबदल लवकर लवकर होते, त्यामुळे फुकट्याला फार वेळ मिळत नाही.

कबुतरखाना
माझी पाळलेली कबुतरं पस्तीस-चाळीस एकत्र उडतात, पण कधी व्ही करत नाहीत. त्यांना शिकवता येईल का?

दुर्बीण
शिकवून येणार नाही. कबुतरं दाटीने उडतात तेव्हा पंख उलट जास्त वेगाने मारतात, म्हणजे थव्यात त्यांची शक्ती वाचत नाही, खर्च होते. दाटीचा फायदा बहुधा शिकारी पक्ष्यांपासून बचावाचा. व्ही मुख्यतः हंस, क्रौंच, पेलिकन अशा मोठ्या पक्ष्यांचा.

सांजपक्षी
मनापासून आभार. मग सर्वांत अनुभवी पक्षीच पुढे असतो, हे चूक ना?

दुर्बीण
शराटींच्या त्या थव्यात तरी सगळी एका वयाची पिल्लं होती, त्यात जाणता कोणीच नव्हता. पण रानातल्या हंसांच्या थव्यात आईबाप आणि त्या वर्षाची पिल्लं एकत्र असतात. तिथे वाट माहीत असलेला जास्त पुढे राहत असेल, असं मला वाटतं. शराटींचा नियम हंसांवर जसाच्या तसा लावू नका. आणि दमल्याची खूण एक पक्षी दुसऱ्याला देतो की मागचा आपणहून पुढे सरकतो, हेही त्या नोंदींतून ठरत नाही.

चाकवेडा
शक्ती किती वाचते, हे कोणी मोजलंय?

दुर्बीण
पेलिकनांवर मोजलंय, 2001 मध्ये. व्हीमध्ये उडताना हृदयाचे ठोके एकट्याने उडण्यापेक्षा 11 ते 14 टक्के कमी पडत होते. त्यात थोडा वाटा असा की थव्यात ते पंख कमी मारतात आणि तरंगतात जास्त.

सांजपक्षी
मुलीने व्हिडिओ थांबवत थांबवत पुन्हा पाहिला. बाजूला सरकलेला पक्षी थोड्या वेळाने परत पुढे आला, पण मधला वेळ मोजण्याआधीच थवा चौकटीबाहेर गेला. आता ती जास्त लांबीचा व्हिडिओ शोधते आहे. कोणाकडे असेल तर सांगा.