प्रतिसाद : जेपर्डीचा बझर

"जेपर्डी या अमेरिकी टीव्ही प्रश्नमंजुषेत उत्तर तर तिन्ही स्पर्धकांना येत असतं, मग एकच माणूस सारखा बझर कसा काय मिळवतो? नुसता बोटांचा वेग?"

वेग कमी, वेळ साधणं जास्त. १९८५ पर्यंत प्रश्न वाचून होण्याआधीही बझर दाबता यायचा. नंतर नियम बदलला. आता सूत्रधाराचा शेवटचा शब्द संपला की सेटवरचा एक कर्मचारी हाताने बझर चालू करतो आणि फलकाच्या दोन्ही बाजूंचे दिवे लागतात. घरी बसून ते दिसत नाहीत. त्याआधी दाबलंत तर तुमचा बझर पाव सेकंद बंद. पाव सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण तेवढ्यात शेजारचा उत्तर द्यायला लागलेला असतो. टीव्हीवर जो स्पर्धक वैतागून अंगठा आपटताना दिसतो, तो बहुतेक वेळा उशिरा नाही, लवकर दाबून अडकलेला असतो.

दिवा पाहून दाबायचं म्हटलं तरी डोळ्यापासून अंगठ्यापर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. म्हणून मुरलेले खेळाडू सूत्रधाराच्या बोलण्याची लय पकडतात आणि वाक्य संपताच दाबतात. ही लय नवख्याला सापडेपर्यंत अर्धा खेळ झालेला असतो, विजेत्याच्या मात्र ती अंगवळणी पडलेली असते. त्यात २००३ मध्ये सलग पाच विजयांनंतर निवृत्त करण्याचा नियमही गेला. पुढच्याच वर्षी केन जेनिंग्जने सलग ७४ खेळ जिंकून २५,२०,७०० डॉलर नेले. ज्ञान अफाट होतंच, पण जुन्या नियमात तो पाचव्या खेळानंतर घरी गेला असता.