दिवाळीचं बजेट: पोस्त आणि आहेर धरूनच

«दिवाळीला पाच हजार ठरवतो, जातात दुप्पट. कुठे चुकतं?»

यादी अपुरी असते. भेटवस्तू लिहिल्या जातात. कामवाल्या मावशी, वॉचमन, पेपरवाला यांची पोस्त आणि तुळशीच्या लग्नानंतर लगेच सुरू होणारे आहेर राहून जातात. गेल्या वर्षीचे यूपीआय व्यवहार आणि आहेराची वही घेऊन नावानिशी आकडे मांडा. समजा पोस्त ४,०००, भाऊबीज ३,०००, फराळ-मिठाई २,०००, आहेर ३,००० झाले, तर एकूण १२,०००. म्हणजे दरमहा १,००० ची आरडी, दिवाळीआधी मुदत संपेल अशी.

आहेराचं पाकीट घरूनच बंद करून न्या. हॉलवर इतरांचं बघून भरलं की ५०१ चे १,००१ होतात. ओवाळणीचा आकडा मात्र भावंडांनी दसऱ्यालाच आपसांत उघड बोलून ठरवावा, म्हणजे कुणालाच ओढाताण करावी लागत नाही.