टपरीच्या भज्यांनी पोट दुखतं, दोष तेलाचा की मिरचीचा?

संध्या, अमळनेर: घरची गिलक्याची भजी मला पचतात. स्टँडजवळच्या टपरीवरची चारच खाल्ली, तरी दोन तासांनी छातीत जळजळ आणि पोटात कळ येते. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचाच दोष ना?

किशोर, भुसावळ: तेलाला उगाच बदनाम करू नका. दिवाळीच्या तळणाचं उरलेलं तेल माझी आजी महिनाभर फोडणीला वापरायची, कोणाला काही झालं नाही. मी मिरची सोडली आणि जळजळ गेली.

मंगलाताई, जळगाव: किशोरभाऊ, मिरचीचं खरं आहे, पुष्कळांना तिनं जळजळ होते. पण आजीचं चमचाभर तेल वेगळं आणि टपरीची कढई वेगळी. तिथे तेल कमी झालं की वरून नवं ओततात, कढई कधी रिकामीच होत नाही. मी बारा वर्षं मेस चालवते. खराब झालेलं तेल काळपट आणि चिकट होतं, भजं सोडलं की फेस वर येतो आणि खाली बसत नाही, कढई नीट तापायच्या आत धूर सुटतो. असं दाट तेल भज्यावरून निथळत नाही, सगळं पोटात जातं. तेलकट खाणं जठरात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून दोन तासांनीही आंबट वर येतं.

ताजं तेलही भजी किती पितात, हे मी वजन करून पाहिलं. सोड्याच्या पिठाची वीस भजी मंद आचेवर तळली, तर 500 ग्रॅममधलं 410 ग्रॅम उरलं. दुसऱ्या दिवशी सोडा घातला नाही आणि पिठाचा थेंब टाकताच वर येईल इतकं तेल तापू दिलं, तर 450 उरलं. म्हणजे चार भज्यांमागे 18 ग्रॅमऐवजी 10 ग्रॅम.

किशोर: ताई, सोडा आणि आच दोन्ही एकदम बदललं. फरक कशानं पडला, कसं कळणार?

मंगलाताई: हे खरं. पुढच्या खेपेला फक्त सोडा काढून बघते. पण दोन गोष्टींची मला खात्री आहे. गिलक्याच्या कापांना आधी मीठ लावू नका, पाणी सुटतं आणि तेल लवकर बिघडतं. मीठ पिठातच घाला. आणि भजी कागदावर ढीग लावून न ठेवता जाळीवर सुटी ठेवा.

रमेश, धुळे: माझीही अशीच कळ वर्षभर तेलावर ढकलली. उजव्या बरगडीखाली दुखायचं, पाठीत जायचं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. तेलकट पोटात गेलं की पित्ताशय आकसतं, कळ तेव्हाच येते. संध्याताई, तुमचं कुठे दुखतं?

संध्या: बेंबीभोवती, उजवीकडे नाही. आता आठवलं, टपरीवर भज्यांबरोबर तळलेल्या मिरच्याही खाते. या आठवड्यात मिरची न घेता चार भजी खाऊन बघते.

किशोर: तेच तर मी म्हणतोय.

मंगलाताई: तरी कढईतला फेस बघूनच घ्या. आणि रमेशभाऊंसारखी कळ उजवीकडे आली, ताप आला किंवा उलट्या झाल्या, तर प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा.